डेअरीच्या नव्या पीसीसीसाठी फॉर्म ४बी, आयपी ५५ आणि ५० केए: हे तिन्ही एकाच पॅनेलमध्ये खरंच मिळतं का?

माणदेशी_वायरमन
नमस्कार मंडळी. मी एका दूध प्लांटमध्ये मेंटेनन्स बघतो. आमचा जुना पीसीसी, म्हणजे मुख्य वीजवाटप पॅनेल, काढून नवीन घ्यायचा आहे. ११ केव्ही/४३३ व्होल्टचे १६०० केव्हीएचे दोन ट्रान्सफॉर्मर, दोघांचा इम्पिडन्स सव्वासहा टक्के. बस दोन भागांत, मध्ये बसकपलर. दोन इनकमर आणि एक कपलर, तिन्ही एसीबी २५०० अँपचे. आउटगोइंगला २६ फीडर, सगळे एमसीसीबी. लोडमध्ये मुख्य म्हणजे अमोनियाचे कॉम्प्रेसर.

कन्सल्टंटच्या स्पेकमध्ये एकच ओळ आहे: फॉर्म ४बी, आयपी ५५, ५० केए एक सेकंद, अॅल्युमिनियम बसबार. तीन कोटेशनं आलीत आणि तिघांनीही 'मान्य' लिहिलंय. किमतींत मात्र मोठा फरक आहे. सगळेच 'हो' म्हणतायत तर फरक कशाचा? आणि ५० केए आम्हाला पुरेल का, हे मी स्वतः कसं तपासू?

निखिल_प्रोजेक्ट्स
दादा, स्पेक उत्तम आहे, काही बदलू नका. फॉर्म ४बी म्हणजे आत आर्क झाला तरी त्या कप्प्याबाहेर येत नाही, ऑपरेटर सुरक्षित. आयपी जितका जास्त तितका चांगला, त्यात डेअरी म्हणजे पाणीच पाणी. ५० केए तर १६०० केव्हीएला भरपूर झालं. सगळ्यात कमी दरवाल्याला द्या.

भोसरी_बसबार
निखिल, ५० केएचं तुझं म्हणणं एका ट्रान्सफॉर्मरपुरतं बरोबर आहे. आर्कचं मात्र चूक आहे, त्याच्यावर नंतर येतो. आधी माणदेशींच्या आकड्याचं बघू.

१६०० केव्हीए, ४३३ व्होल्ट म्हणजे फुल लोड करंट साधारण २१३३ अँप. त्याला ०.०६२५ ने भागा, ३४ केए येतात. हे मागची ११ केव्ही लाइन अमर्याद ताकदीची धरून, म्हणजे सुरक्षित बाजूने. आता ट्रान्सफॉर्मरच्या इम्पिडन्सला दहा टक्के कमी-जास्त सूट असते, त्यामुळे नेमप्लेटवरचा मोजलेला आकडा बघा. तो ५.६ निघाला तर ३४ चे ३८ होतात. फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमध्ये चालू मोटरीही उलट करंट ढकलतात. तुमचे कॉम्प्रेसर मिळून हजारेक अँप ओढत असतील तर त्यांचे साधारण पाच केए धरा. झाले ४३. म्हणजे ५० पुरतात.

आता खरा प्रश्न. तुमचा कपलर आणि दोन्ही इनकमर कधी एकाच वेळी लागलेले असतात का? म्हणजे दोन्ही ट्रान्सफॉर्मर समांतर?

माणदेशी_वायरमन
काका, नेहमी नाही. पण एक ट्रान्सफॉर्मर मेंटेनन्सला काढताना आम्ही आधी कपलर लावतो आणि मग इनकमर पाडतो. नाहीतर कॉम्प्रेसर ट्रिप होतात आणि दूध थंड करायचं थांबतं. पाच-दहा सेकंद दोन्ही समांतर असतात. जुन्या पॅनेलवर वर्षानुवर्षं असंच चाललंय.

भोसरी_बसबार
मग त्या पाच-दहा सेकंदांत तुमच्या बसवरचा फॉल्ट ३४ नाही, ६८ केए आहे. इम्पिडन्स कमी निघाला तर ७६, वर दोन्ही बाजूंच्या मोटरी. ५० केएचं पॅनेल तेव्हा उघडं पडतं. आणि स्विचिंगची वेळ हीच फॉल्टची सगळ्यात मोठी शक्यता असलेली वेळ. एसीबी हलतोय, काहीतरी सैल असेल तर ते तेव्हाच सुटतं, माणूसही नेमका समोर उभा असतो.

हा आकडा नुसता उष्णतेचा नाही हे लक्षात घ्या. ५० केए एक सेकंद म्हटलं की बहुतेक जण बार वितळेल का एवढंच बघतात. अॅल्युमिनियमला एका सेकंदासाठी दर चौरस मिलिमीटरला साधारण ८० अँप धरायचे, म्हणजे ५० केएला ६२५ चौरस मिलिमीटर पुरतात. २५०० अँपच्या बसला तुम्ही नेहमीच्या करंटसाठीच याच्या कितीतरी पट अॅल्युमिनियम घालता. मुख्य बार गरम होऊन मरत नाही. मोडतो तो सपोर्ट.

फॉल्टच्या पहिल्या अर्ध्या सायकलमधला शिखर करंट ५० केएसाठी मानकात २.१ पट धरतात, म्हणजे १०५ केए. फेजमधलं अंतर १०० मिमी आणि सपोर्टमधलं ४०० मिमी असेल तर त्या क्षणी एका गाळ्यातल्या बारवर पाऊण टनाच्या वर, जवळपास ७८० किलोचा दणका बसतो. ६८ केएला पट २.२, शिखर १५० केए. बळ करंटच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे दणका सुमारे १६०० किलोचा. करंट दीडपटीपेक्षा कमी वाढला आणि दणका दुप्पट झाला. हा दणका दहा मिलिसेकंदांत येऊन जातो, एसीबीची रिले तेव्हा जागी पण झालेली नसते. म्हणून 'आमचा ब्रेकर लवकर तोडतो' हे उत्तर इथे चालत नाही.

ठाणे_सोसायटी_सचिव
आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये गेल्या पावसात पाणी आलं आणि बोर्ड जळाला. तुम्ही म्हणताय तसं ५० केएचं बोर्ड घेतलं तर पाण्याचा त्रास होणार नाही ना?

प्रज्ञा_नाशिक
सचिवसाहेब, ५० केए हा शॉर्टसर्किटचा आकडा आहे, पाण्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्याकडे पाणी खोलीत शिरलंय. आयपी कितीही घेतला तरी तळाशी पाणी साचलं तर नेहमीचा आयपी ५४-५५चा बोर्ड वाचत नाही, कारण त्या आकड्यांत बुडण्याची परीक्षाच नसते. बोर्ड उंच चौथऱ्यावर घ्या आणि केबल ट्रेंचमधून पाणी येतंय का ते आधी बघा. शक्य झाल्यास वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

माणदेशी, मी पॅनेल डिझाइनमध्ये आहे. काकांनी शॉर्टसर्किटचं सांगितलंच, मी उरलेल्या दोघांचं सांगते, कारण तीन कोटेशनांमधला फरक बहुधा तिथेच लपलाय.

आयपी ५५ मधला पहिला ५ धुळीचा, दुसरा पाण्याच्या झोताचा. झोताची परीक्षा ६.३ मिमीच्या नोझलने, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी मारून करतात. तुमचे लोक प्लांट धुतात तो प्रेशर वॉशर असेल तर तो यात बसतच नाही. म्हणजे एकतर पॅनेल धुण्याच्या जागेत आहे आणि ५५ कमी पडेल, किंवा वेगळ्या खोलीत आहे आणि ५५ जास्त आहे. तुमचं पॅनेल आहे कुठे?

माणदेशी_वायरमन
वेगळी खोली आहे, पण भिंतीपलीकडे कॅन वॉशिंग. दार उघडं राहिलं की वाफ आत येते. जुन्या पॅनेलच्या पत्र्यावर सकाळी थेंब दिसतात.

प्रज्ञा_नाशिक
हे थेंब बाहेरून शिरलेले नाहीत, दमट हवा गार पत्र्यावर लागून आतच तयार झालेत. आयपी त्यांना अडवत नाही. उलट डबा जितका घट्ट, तितकी आत आलेली वाफ बाहेर पडायला वेळ. तिथे स्पेस हीटर आणि थर्मोस्टॅट लागतो, आणि त्याआधी ते दार. दाराला आपोआप बंद होणारा क्लोजर लावा, खोलीत थोडी कोरडी हवा दाबाने सोडा. एवढं केलंत तर आयपी ५४ पण पुरेल, माझ्या मते ४२ सुद्धा चालेल. पण धुळीचं आणि पाली-झुरळांचं बघता मी ५४ वर थांबेन.

आता उष्णता. आयपी ५५ साठी जाळ्या बंद कराव्या लागतात. फॉर्म ४बी मध्ये प्रत्येक एमसीसीबी स्वतःच्या पत्र्याच्या डब्यात आणि त्याची केबल आणखी एका डब्यात. हवा फिरायला जागाच नाही. आतली उष्णता फक्त पत्र्यातून बाहेर जाते. मग २५०० अँपचा एसीबी त्या डब्यात, आणि तुमच्या खोलीत मे महिन्यात ४५ अंश असताना, २५०० देत नाही. मेकरच्या तक्त्यात त्याचं डिरेटिंग असतं. तुमचं फुल लोड २१३३ आहे, म्हणजे हातात फारशी शिल्लक नाही. महागाच्या कोटेशनमध्ये एसीबी ३२०० फ्रेमचा आहे का बघा. असेल तर तो माणूस प्रामाणिक आहे.

आणि स्वस्तवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा. तापमानवाढीची परीक्षा आणि आयपीची परीक्षा एकाच रचनेवर झालीय का? मी असे रिपोर्ट पाहिलेत जिथे आयपी ५४ चं सर्टिफिकेट बंद डब्याचं होतं आणि तापमानवाढीचं सर्टिफिकेट वर-खाली जाळ्या असलेल्या फॉर्म २ च्या डब्याचं. दोन्ही सर्टिफिकेटं खरी. पण दोन्ही एकत्र असलेलं पॅनेल कधी तपासलंच गेलं नव्हतं.

भोसरी_बसबार
प्रज्ञाताईंचा हा मुद्दा सोन्यासारखा आहे. शॉर्टसर्किटच्या रिपोर्टचंही तेच. सीपीआरआय किंवा एर्डा या प्रयोगशाळांचा रिपोर्ट दाखवतात, पहिल्या पानावर ५० केए दिसतं आणि आपण फाइल बंद करतो. मागे जोडलेलं ड्रॉइंग उघडा. परीक्षेत बार तांब्याचे होते का? सपोर्ट किती अंतरावर होते? फेजमधलं अंतर किती? सपोर्ट कोणत्या मालाचा? आता तुम्हाला देणार असलेल्या पॅनेलचं ड्रॉइंग शेजारी ठेवा. पॅनेलच्या आयईसी ६१४३९ या मानकात तपासलेल्या डिझाइनशी तुलना करून पॅनेल मान्य करता येतं, पण प्रत्येक मुद्द्याचं उत्तर 'तितकंच किंवा अधिक चांगलं' यायला हवं. परीक्षेत सपोर्ट ३०० मिमीवर आणि तुम्हाला ४५० मिमीवर, तर तो रिपोर्ट तुमच्या पॅनेलचा नाही.

निखिल, आता आर्क. फॉर्म म्हणजे कप्प्यांची मांडणी. आतल्या पत्र्याने बोट चालू भागाला लागू नये आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात काही पडू नये, एवढंच त्यात तपासतात. आर्कचा दाब आणि गरम वायू तो पत्रा अडवेल याची हमी नाही. त्याची परीक्षा वेगळी आहे, आयईसीचा ६१६४१ हा स्वतंत्र दस्तऐवज आहे. कन्सल्टंटला ते हवं असेल तर त्याने तसं लिहायला हवं.

निखिल_प्रोजेक्ट्स
काका, आर्कचं मला खरंच माहीत नव्हतं, आमच्या ऑफिसात सगळे तसंच म्हणतात. पण ४बी मुळे पॅनेल चालू ठेवून एक फीडर बदलता येतो, हे तरी बरोबर ना? डेअरीला तेच हवंय.

प्रज्ञा_नाशिक
अर्धं बरोबर. ४बी मध्ये एका फीडरची केबल सोडताना शेजारच्या फीडरची टर्मिनलं तुम्हाला दिसतही नाहीत, हा मोठा फायदा. पण एमसीसीबी फिक्स्ड असेल तर त्याच्या वरच्या टर्मिनलांवर बस चालूच असते. ब्रेकर ऑफ केला तरी ती बाजू जिवंत. बोल्ट सोडायला बस मारावीच लागते. ब्रेकरच बदलायचा असेल तर प्लग-इन किंवा ड्रॉआउट लागतो, आणि 'फॉर्म ४बी' या शब्दांत ते येत नाही. स्पेकमध्ये वेगळं लिहावं लागतं.

मी डेअरीसाठी काय केलं असतं? कॉम्प्रेसर आणि चिलिंगचे पाच-सहा फीडर ड्रॉआउट, बाकीचे फिक्स्ड, आणि सगळं पॅनेल ३बी. ३बी मध्ये केबलींची एकच सामाईक गल्ली असते, बसपासून वेगळी. मोठी केबल वळवायला जागा मिळते.

दुबईकर_संदीप
ताई, इथे मी नेमका उलटा विचार करतो. आमच्या इकडच्या प्रकल्पांत ४बीच मागतात आणि मला ते पटतं. सामाईक गल्लीत माणूस एक केबल सोडत असतो आणि पंचवीस केबली चालू असतात. स्पॅनर निसटला की संपलं. जागा कमी पडते तर कप्पा मोठा घ्या, माणसाच्या जिवावर जागा वाचवू नका.

प्रज्ञा_नाशिक
संदीपदादा, कप्पा मोठा मिळाला तर मी पण ४बी घेईन. पण प्रत्यक्षात होतं असं: ३०० चौरस मिमीची साडेतीन कोरची अॅल्युमिनियम केबल त्या छोट्या डब्यात वळत नाही. साइटवरचा जॉइंटर मधला पत्रा काढून बाजूला ठेवतो आणि तो परत कधीच लागत नाही. कागदावर ४बी, आत खिंडार. त्यापेक्षा नीट बांधलेलं, टर्मिनलांवर श्राउड असलेलं ३बी मला बरं वाटतं. माणदेशींनी त्यांच्या सगळ्यात जाड केबलीची वळणत्रिज्या घेऊन ड्रॉइंगवर मोजून बघावं, मग ठरवावं.

रत्नांग्री
आमचं मासळीचं कोल्ड स्टोअर आहे, समुद्रापासून हाकेवर. आयपी ५५ घेतला होता. चार वर्षांत गॅस्केट कडक झालं, बिजागऱ्या गंजल्या, दार ओढून लावावं लागतं. पॅनेलवाला म्हणाला सर्टिफिकेट आहे. सर्टिफिकेट नव्या पॅनेलचं होतं. आणि खाली ग्लँडप्लेटला साइटवर पाडलेली तीन भोकं तशीच उघडी होती, तिथून उंदीर आत. दादा, तुम्ही ग्लँडप्लेटकडे स्वतः लक्ष द्या. रिकाम्या भोकांना प्लग, केबलीला डबल कॉम्प्रेशन ग्लँड. गंजाचं आयपीत काही नसतं, पत्र्याचा रंग आणि गॅस्केटचा माल वेगळा विचारा. तुमच्याकडे अमोनियापण आहे, तो तांब्या-पितळेला खातो.

माणदेशी_वायरमन
सगळ्यांचे आभार. मी तिन्ही ड्रॉइंगं मागवून दोन रात्री बसलो. सापडलं ते लिहितो.

सगळ्यात स्वस्त कोटेशन: एसीबी २५०० फ्रेमचाच. तापमानवाढीचा रिपोर्ट दुसऱ्याच मांडणीचा, जाळीवाला. बाद केलं.

मधलं कोटेशन: एसीबी ३२०० फ्रेम, रिपोर्ट अॅल्युमिनियमचा, सपोर्ट परीक्षेत ३५० मिमी आणि आमच्या ड्रॉइंगमध्येही ३५०. एक गोष्ट मात्र खटकली. मुख्य बस जाडजूड आहे, पण प्रत्येक उभ्या भागात फीडरांसाठी खाली येणारा बार ५० बाय १० चा एकच आहे. ५०० चौरस मिमी. काकांच्या हिशेबाने ८० ने गुणलं तर ४० केए. मग ५० कुठून आले?

भोसरी_बसबार
शाब्बास. हे बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. त्या बाराला एका सेकंदाला ४० केएच सोसतात. विक्रेता काय म्हणाला?

माणदेशी_वायरमन
म्हणाला की इनकमरचा शॉर्ट टाइम डिले ०.३ सेकंद ठेवणार, त्यामुळे एक सेकंद फॉल्ट राहणारच नाही.

भोसरी_बसबार
उष्णतेच्या बाजूने त्याचं म्हणणं खोटं नाही. करंटचा वर्ग गुणिले वेळ सारखा धरला तर ४० केए एक सेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाला ५६ केए. ०.३ मध्ये तोडलं तर बार वाचेल. पण मग त्याने स्पेकपुढे 'मान्य' लिहायला नको होतं, 'उभा बार ५० केए अर्धा सेकंद' असं लिहायला हवं होतं. आणि उद्या तुमच्यातल्या कोणी डिस्क्रिमिनेशनसाठी रिले ०.८ वर नेली तर? सेटिंग हे स्क्रू-ड्रायव्हरने बदलतं, बार बदलत नाही. मी ७५ बाय १० मागेन. ७५० गुणिले ८०, ६० केए. तुमच्या आठ-नऊ उभ्या भागांत अॅल्युमिनियमचा खर्च फार वाढत नाही. शिखराच्या दणक्यासाठी त्या उभ्या बारांचे सपोर्टही रिपोर्टमध्ये शोधा.

निखिल_प्रोजेक्ट्स
आणि समांतर चालवायचं काय ठरलं? ८० केएचं पॅनेल घेणार का?

माणदेशी_वायरमन
तिथेच अडलंय. ८० केएला फक्त बस नाही, २६ एमसीसीबींची तोडण्याची क्षमताही वाढवावी लागते, आउटगोइंगचा खर्च फार चढतो. दुसरा रस्ता म्हणजे तीनपैकी दोनच एसीबी एका वेळी लागतील असा किल्लीचा इंटरलॉक. मग समांतर कधीच नाही, पण बदलताना कॉम्प्रेसर पडणार. मॅनेजर म्हणतात, वर्षातून दोनदा चालेल, रात्री दूध आत आल्यावर करू. प्रॉडक्शनवाले म्हणतात, अजिबात नाही.

दुबईकर_संदीप
तिसरा रस्ता आहे. सिंक्रोचेक लावून समांतर फक्त एका सेकंदापुरतं, टायमरने इनकमर आपोआप पडेल असं करा. दहा सेकंदांचं एक सेकंद. आमच्याकडे एका हॉस्पिटलमध्ये असंच आहे.

भोसरी_बसबार
संदीप, त्या एका सेकंदात फॉल्ट झाला तर दणका ६८ केएचाच येणार. वेळ कमी केल्याने शक्यता कमी होते, बळ कमी होत नाही. माझ्या सहीने मी ते मंजूर करणार नाही. पण जोखीम कोणी घ्यायची हा शेवटी मालकाचा निर्णय आहे, आणि बरेच जण घेतात हेही खरं.

प्रज्ञा_नाशिक
मला इथे काकांपेक्षा थोडं वेगळं वाटतं. टायमरवाली व्यवस्था करायचीच असेल तर तेवढ्या वेळात पॅनेल रूममध्ये कोणी नसेल असं करा, बदल बाहेरच्या बटनावरून. पॅनेल फुटलं तर फुटेल, माणूस वाचेल. पण खरं उत्तर कॉम्प्रेसरच्या बाजूला शोधा. ते पडल्यावर पुन्हा चालू व्हायला किती वेळ घेतात आणि तेवढ्यात टाकीतलं दूध किती अंश चढतं, हे कोणी मोजलंय का?

माणदेशी_वायरमन
नाही मोजलं. ताई, खरंच कोणी मोजलेलं नाही. सगळे 'दूध खराब होईल' एवढंच म्हणतात. येत्या रविवारी मोठ्या सायलोवर कॉम्प्रेसर वीस मिनिटं मुद्दाम बंद ठेवून दर मिनिटाला तापमान लिहून काढतो. तोपर्यंत ऑर्डर थांबवली आहे. आकडे आले की इथेच टाकतो.

रत्नांग्री
सायलोतलं दूध ढवळणारा अॅजिटेटर चालू ठेवा, नाहीतर वरचं आणि खालचं तापमान वेगळं येईल आणि चुकीच्या आकड्यावर भांडण होईल.